अंथरुणाला खिळलेल्या आईचं वजन-उंची टेपनं काढायचंय, डावा दंड धरू की उजवा?

माजलगावची_लेक
नमस्कार. आई ७२ वर्षांची. पावसाळ्यात डाव्या बाजूला अर्धांगवायू झाला, तेव्हापासून अंथरुणावरच आहे. कमरेखाली एक जखम झालीय, भरत नाही. दवाखान्यातून सोडताना आहाराचा कागद दिला, त्यात वजन ५० किलो धरलंय. ते कुणी मोजलेलं नाही, "साधारण एवढं असेल" म्हणून लिहिलेलं. आईकडं बघून मला तर ५० वाटत नाही.

त्याच कागदाच्या मागे छापलंय की रुग्णाला उभं करता येत नसेल तर गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप आणि दंडाचा घेर घ्या, त्यावरून उंची-वजनाचा अंदाज येतो. "माप डाव्या बाजूचं घ्यावं" असंही लिहिलंय. आता घोळ असा:

गुडघा ते टाच, उजवा पाय: भावानं मोजलं ४७.५ सेमी, मी मोजलं ४५ सेमी.
दंड: डावा २२.५, उजवा २०.५.

डावा हात लुळा आहे, बाजेवरून खाली लोंबतो. मग कागदावर लिहिलंय म्हणून डावा धरायचा का? आणि पायाचं कुणाचं माप खरं?

सरळहिशोब
ताई, एवढ्या भानगडीत कशाला पडता. उंचीतून १०० वजा करा, वजन आलं. १५० उंची असेल तर ५० किलो. कागदावर बरोबरच लिहिलंय की.

माजलगावची_लेक
दादा, पण मग शेजारची माझ्या आईच्याच उंचीची काकू आहे, तिचं वजन ७० आहे. तिचंही ५० धरायचं का?

सरळहिशोब
ते बी खरंच म्हणा. पण वजन तेवढं *असायला पाहिजे* ना.

आहारवाली_बाई
असायला पाहिजे आणि आहे, यात फरक आहे, दादा. १०० वजा करून निघतं ते त्या उंचीच्या माणसाचं ढोबळमानानं बरं वजन. दवाखान्याच्या कागदावर असा आकडा आला की जखमेला लागणारं खाणं, औषधाची मात्रा, सगळं त्या न तोललेल्या माणसावर बेततात. मी सरकारी दवाखान्यात आहार विभागात नोकरी केली, हे रोज बघितलंय.

लेकी, आधी दंडाचं सांगते. डावी बाजू हा सगळ्यांनी एकाच बाजूचं माप घ्यावं म्हणून ठरवलेला शिरस्ता आहे. ती बाजू लुळी असेल तर चांगली बाजू घ्यायची. लुळा हात खाली लोंबत राहिला की त्यात पाणी उतरतं, सूज येते. आत मांस कमी झालेलं असतं आणि वरून घेर वाढलेला दिसतो. आईच्या डाव्या मनगटावर, हाताच्या पंजावर अंगठ्यानं दहा सेकंद दाबून बघ. खळगा राहतोय का?

माजलगावची_लेक
राहतोय. पंजावर चांगलाच राहतोय, दंडावर थोडा.

आहारवाली_बाई
मग उजवा धर, २०.५. आणि डावा हात उशीवर उंच ठेवत जा, लोंबू देऊ नको.

अंगणवाडी_हिंगोली
मी अंगणवाडीत दंडघेर रोज मोजते. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली असेल तर लाल पट्टी, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेबाराच्या वर हिरवी. ताईंच्या आईचा २०.५ आहे म्हणजे हिरव्यात खूप वर आहे. काळजी करू नका ताई.

आहारवाली_बाई
बाई, तुमची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांची. मोठ्या माणसाला ती लागू नाही. मोठ्यांत दंड २३.५ च्या खाली गेला की वजन उंचीच्या मानानं कमी असण्याची बरीच शक्यता धरतात, म्हणजे बीएमआय बहुतेक २० च्या खाली. सूत्र नसलं, गुडघा मोजला नाही, तरी एकट्या टेपनं एवढं कळतं. इथं उजवा २०.५ आहे, आणि सुजलेला डावासुद्धा २३.५ ला पोचत नाही.

पण दंड *कसा* मोजायचा ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं येतं, ते लिहा ना.

अंगणवाडी_हिंगोली
अच्छा, मोठ्यांचं माहीत नव्हतं. मोजायचं असं: कोपर काटकोनात वाकवायचं. खांद्याच्या टोकाचं हाड हाताला लागतं, तिथून कोपराच्या टोकापर्यंत टेप धरायचा आणि बरोबर मध्यावर पेनानं खूण करायची. मग हात सरळ सैल सोडायचा आणि खुणेवर टेप गुंडाळायचा. टेप कातडीला टेकला पाहिजे पण रुतला नाही पाहिजे. खूण न करता नुसतं नजरेनं मधे धरलं की दर वेळी वेगळा आकडा येतो, हे मी नव्या सेविकांना सांगून थकले.

आहारवाली_बाई
झोपलेल्या माणसाला एक भर: हात अंगालगत ठेवून दंडाखाली टॉवेलची छोटी घडी घालायची, म्हणजे दंड गादीवर दाबून चपटा होत नाही आणि टेप खालून सरकवता येतो. टेप शिवणकामाचा चालेल, फक्त जुना ताणलेला नको. पट्टीशी ताडून बघ.

गुडघेदुखी_६५
माझाही डावा गुडघा सहा महिन्यांपासून दुखतोय. डॉक्टर बदला म्हणतात. गुडघ्याची उंची कमी झाली की ऑपरेशन लागतं असं आहे का? कृपया मार्गदर्शन करावे.

भुसार_आडत
काका, हा धागा त्या गुडघ्याचा नाही. इथं गुडघा नुसता फूटपट्टी आहे 😀 तुम्ही वेगळा धागा काढा, लोक सांगतील.

फिजिओ_नांदेड
आता पायाचं. ताई, तुमच्या ४५ आणि भावाच्या ४७.५ मधला फरक कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. भावानं टेप कुठून कुठं धरला?

माजलगावची_लेक
आई सरळ झोपलेली होती. त्यानं गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून टेप धरला, पोटरीवरून घेत टाचेपर्यंत नेला. मी पाय दुमडून मोजलं.

फिजिओ_नांदेड
तेच. अंथरुणावरच्या माणसाचं पाऊल पुढं झुकलेलं असतं, बोटं खाली गेलेली. त्यात टेप पोटरीच्या गोलाईवरून गेला की माप फुगतं. गुडघा काटकोनात पाहिजे आणि घोटाही काटकोनात पाहिजे. दोन्ही नसतील तर ते माप या सूत्राचं नाहीच.

घरी करायचं तर असं करा. आईला उताणं झोपवा. चांगला, म्हणजे उजवा पाय उचलून गुडघा ९० अंशात दुमडा, एकानं पोटरीखालून धरून ठेवा. जेवायचा पाट घ्या आणि तळपायाला टेकवा, टाच आणि चवडा दोन्ही पाटाला लागले पाहिजेत. दुसरी सपाट फळी, नाहीतर जाड पुठ्ठ्याची वही, मांडीवर ठेवा. ती वाटीवर नको, वाटीच्या साधारण तीन-चार बोटं मागं, मांडीच्या अंगाला. हलकं दाबा, मांस थोडं बसलं पाहिजे. दोन्ही फळ्या एकमेकींना समांतर पाहिजेत. आता त्यांच्यातलं अंतर पायाच्या बाहेरच्या बाजूनं, नडगीला समांतर, घोट्याच्या बाहेरच्या हाडावरून सरळ मोजा. टेप हवेत ताठ राहिला पाहिजे, कातडीला चिकटून जायला नको. सुताराचा गुण्या मिळाला तर अजून सोपं.

दोनदा मोजा. दोन मापांत अर्धा सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

लुळ्या पायाचं मोजू नका असं मी म्हणेन. गुडघा आखडला असेल तर ९० होत नाही आणि जबरदस्तीनं वाकवायला जाऊ नका.

माजलगावची_लेक
आज पुन्हा मोजलं, पाट आणि वही घेऊन. ४५.२ आणि ४४.९. भाऊ म्हणतो मान्य.

आहारवाली_बाई
४५ धरू. आता हिशोब. बाईसाठी, साठीच्या पुढच्या वयाला, उंचीचं सूत्र १९८५ साली अमेरिकेत चमली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं आहे:

उंची (सेमी) = ८४.८८ − (०.२४ × वय) + (१.८३ × गुडघा-टाच)

वय ७२, म्हणजे ०.२४ × ७२ = १७.२८. ८४.८८ मधून गेले तर ६७.६०.
१.८३ × ४५ = ८२.३५.
बेरीज १४९.९५. उंची दीडशे.

वजनाचं, साठ ते ऐंशीच्या बायकांसाठी:

वजन (किलो) = (१.०९ × गुडघा-टाच) + (२.६८ × दंडघेर) − ६५.५१

१.०९ × ४५ = ४९.०५. २.६८ × २०.५ = ५४.९४. बेरीज १०३.९९, त्यातून ६५.५१ वजा, उरले ३८.४८. साडेअडतीस किलो.

आता डावा दंड धरला असता तर? २.६८ × २२.५ = ६०.३०, आणि वजन ४३.८४. दोन सेंटीमीटर सुजेनं सव्वापाच किलो वाढवले. दंडाचा एक सेंटीमीटर म्हणजे वजनात पावणेतीन किलो, हे डोक्यात ठेव. गुडघ्याचा एक सेंटीमीटर चुकला तर वजनात एकच किलो जातो, पण उंचीत जवळपास दोन सेंटीमीटर. म्हणून वजनासाठी दंडाला जपायचं आणि उंचीसाठी गुडघ्याला.

सरळहिशोब
बाई, गुडघ्यावरूनच का? आईला सरळ झोपवून डोक्यापासून पायापर्यंत टेप लावला तर काय बिघडलं?

आहारवाली_बाई
पाठीला बाक आला असेल, नितंब-गुडघे आखडले असतील तर झोपवूनही लांबी कमीच भरते. उतारवयात मणके दबतात, पण पायाचं लांब हाड तेवढंच राहतं. म्हणून त्याचा आधार. तरीही सूत्राच्या उंचीत आठ-नऊ सेंटीमीटर इकडं-तिकडं होऊ शकतं हे धरूनच चालायचं.

भुसार_आडत
मी डॉक्टर-बिक्टर नाही, मोंढ्यात आडत आहे. पण हे वाचून बैलबाजार आठवला. तिथं बैलाच्या छातीचा घेर आणि लांबी टेपनं मोजून वजन सांगणारे जुने लोक आहेत. काट्यावर घातलं की कधी पंधरा किलोनं, कधी पन्नास किलोनं चुकलेलं असतं. माझा प्रश्न सरळ आहे. साडेअडतीस म्हणजे किती किलो इकडं-तिकडं?

आहारवाली_बाई
भाऊ, मुद्द्याला हात घातला. या वजनाच्या सूत्रासोबतच दिलेलं आहे की चूक अकरा किलोंपर्यंत जाऊ शकते, वर किंवा खाली. साडेअडतीस किलोच्या बाईसाठी अकरा किलो म्हणजे किती ते सांगायला नको. आणि हे सूत्र अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांच्या मापावरून बांधलेलं. तिकडच्या काळ्या लोकांसाठी वेगळे आकडे आहेत, यावरूनच कळतं की शरीराचा बांधा बदलला की सूत्र हलतं. आपल्या मराठवाड्याच्या बारीक चणीच्या म्हाताऱ्यांना ते किती बसतं याची मला कायम शंका राहिली. माझा अनुभव असा की फार बारीक माणसात ते जास्तच सांगतं. हा अनुभव आहे, पुरावा नाही.

भुसार_आडत
मग तोलूनच टाका ना! मोंढ्यातला इलेक्ट्रॉनिक काटा घरी आणा, शंभर-दीडशे किलोचा असतो, टेम्पोत येतो. खुर्ची ठेवा, काटा शून्यावर आणा, आईला बसवा. झालं.

फिजिओ_नांदेड
शेठ, बसवणं सोपं नाही. अर्धांगवायूत कमरेचा तोल नसतो, ती एका बाजूला कलते. कुणीतरी धरणारच. आणि धरणाऱ्यानं हात लावला की काटा हलका दाखवतो, नुसत्या आधारानंसुद्धा किलो-दोन किलो कमी. वर कमरेखाली जखम आहे, कडक प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवू नका. कापूस-गादी घाला आणि तीही शून्यात धरा.

भुसार_आडत
मग तरण्या मुलानं उचलून घ्यावं आणि दोघं मिळून काट्यावर. पोतं असंच तोलतो आम्ही, माणूस वजा करून.

फिजिओ_नांदेड
बारीक आईसाठी ते चालेल, ती ७० किलोची असती तर मी नको म्हटलं असतं. लघवीची नळी असेल तर पिशवी आधी रिकामी करा आणि सोबत धरा, नळी ओढली जाऊ नये. नाकातली नळी असेल तर तीही सांभाळा. जखमेखाली हात घालू नका, मांड्यांखालून आणि पाठीखालून उचला. काट्यावर चढणाऱ्यानं आकडा बघायला वाकू नये, तिसऱ्यानं वाचावा.

माजलगावची_लेक
सगळ्यांचे आभार. शेजारच्या मेडिकलवाल्यानं डिजिटल काटा दिला. भाऊ एकटा ७१.२. आईला घेऊन १०८.४. पुन्हा चढला, १०८.३. म्हणजे आई ३७.२ किलो धरली. लुगडं होतं अंगावर, चादर काढली होती. नळी नाही.

सरळहिशोब
५० आणि ३७. बापरे.

आहारवाली_बाई
सूत्र ३८.५, काटा ३७.२. या खेपेला जवळ आलं, दर खेपेला येतं असं समजू नको. काटा आहे तोवर काटाच खरा. बीएमआय काढला तर १.५ गुणिले १.५ म्हणजे २.२५, त्यानं ३७.२ ला भागलं की साडेसोळा.

आता कागदाचं. तिथं ५० × ३० म्हणजे १५०० कॅलरी लिहिले असतील, नाही का?

माजलगावची_लेक
हो, १५००. आणि प्रथिनं ६० ग्रॅम. ती एवढं खाऊच शकत नाही. अर्धी भाकरी दुधात कुस्करून आणि थोडं वरण, एवढंच जातं.

आहारवाली_बाई
तिच्या वजनाला सुरुवातीचं लक्ष्य ३७ × ३० म्हणजे अकराशेच्या आसपास, आणि जखम आहे म्हणून प्रथिनं किलोमागं सव्वा ग्रॅम, म्हणजे ४६ ग्रॅम. हे जमलं की मग वाढवायचं, कारण तिला वजन भरायचंय. सदतीसवर कायम ठेवणं हा उद्देश नाही.

पण एक विचारते, नीट सांग. गेल्या आठवड्यात ती किती खात होती? अगदीच घोट-दोन घोट असेल तर एकदम अकराशे नाही. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक अन्न भरलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपकन खाली जातं आणि हृदयावर येतं. तेव्हा अर्ध्यापेक्षा कमीवर सुरू करून रक्त तपासत वाढवतात, आणि ते घरी माझ्या सांगण्यावरून करायचं काम नाही.

माजलगावची_लेक
अगदी उपाशी नव्हती. सांगितलं तेवढं रोज जायचं. बुधवारी डॉक्टरांना दाखवायचंय, हे सगळं वहीत लिहून नेते.

गावाकडचा_डॉक्टर
ताई, वहीत वजन लिहाल तिथं "उचलून तोललं" असं शेजारी लिहा. सूत्राचं असेल तर "अंदाजे". आमच्यासारख्यांना केसपेपरवर नुसता आकडा दिसतो आणि आम्ही त्याच्यावर औषध लिहून मोकळे होतो. रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन किलोवर ठरतं. ५० किलो धरून दिलेला डोस ३७ किलोच्या बाईला तिसऱ्या हिश्शानं जास्त होतो. पक्षाघाताच्या रुग्णाला ते कधी तरी दिलं जातंच. मूत्रपिंडाचा हिशोबही वजनावर आहे, त्यावर बऱ्याच गोळ्यांची मात्रा ठरते.

दंड-गुडघ्याचं सूत्र खाण्याच्या अंदाजाला ठीक. अशा औषधाला त्यावर भरवसा ठेवू नका, हे माझं मत. आहारवाल्या बाई सहमत असतील.

आहारवाली_बाई
बहुतांशी. पण डॉक्टर, काटाच नाही तिथं तुमच्याकडंही नजरेचाच अंदाज असतो, आणि त्यापेक्षा टेप बरा. त्या ५० चं काय झालं ते इथंच दिसतंय.

गावाकडचा_डॉक्टर
नजरेपेक्षा टेप बरा, मान्य. तरी अकरा किलो इकडं-तिकडं असलेल्या आकड्यावर मी इंजेक्शन भरणार नाही. उचलून तोलायला सांगेन. जिथं तेही शक्य नाही तिथं काय, यावर आपलं जमणार नाही बहुतेक.

अंगणवाडी_हिंगोली
मग पुढं दर महिन्याला उचलायचं का आईला? भाऊ कामाला जात असेल.

आहारवाली_बाई
नाही. इथं दंड कामाला येतो. सूत्रातून आलेल्या वजनाला जी अकरा किलोची चूक आहे ती माणसामाणसातल्या बांध्याच्या फरकाची. त्याच बाईचा तोच दंड त्याच खुणेवर महिन्याला मोजला तर ती बरीचशी गळून पडते, उरतं ते बदललं का एवढंच. दहा टक्के बदल झाला की वजनही साधारण त्याच मानानं हललं असं समजतात. आईसाठी २०.५ वरून साडेअठरावर आला तर थांबू नका. साडेबावीसवर गेला तर आधी सूज तपासा, मग आनंद करा.

मोजणारं माणूस तेच ठेवा. मापाआधी खांदा ते कोपर अंतर आणि मध्य किती सेंटीमीटरवर आला तो आकडा वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको.

माजलगावची_लेक
लिहिलं. मध्य खांद्यापासून १५.५ वर येतोय.

बाशीकर_नाना
उशिरा आलो. माझ्या वडिलांचा उजवा पाय मधुमेहामुळं गुडघ्याखाली काढलाय. वय ६६. ते पण झोपूनच असतात. त्यांना हे चालेल का?

आहारवाली_बाई
चालेल, डावा पाय धडधाकट असेल तर त्याचाच गुडघा मोजा. पुरुषांची सूत्रं वेगळी: उंची = ६४.१९ − (०.०४ × वय) + (२.०२ × गुडघा-टाच), वजन = (१.१० × गुडघा-टाच) + (३.०७ × दंडघेर) − ७५.८१. मापं काय आली?

बाशीकर_नाना
गुडघा ५१, दंड २७.

आहारवाली_बाई
उंची १६४.६, वजन ६३.२. पण हे वजन दोन्ही पाय असलेल्या माणसाचं. गुडघ्याखालचा पाय म्हणजे शरीराच्या वजनाचे साधारण सहा टक्के, ते वजा करा, साडेएकोणसाठ उरतात. खाण्याच्या हिशोबाला हेच धरा. बीएमआय काढताना मात्र पाय असता तर किती, म्हणजे ६३.२ धरायचं. उलटं केलं की माणूस उगाच बारीक ठरतो.

बाशीकर_नाना
मूत्रपिंडाचा त्रास आहे, पायावर सूज असते. दंडावर नाही.

आहारवाली_बाई
मग दंडाचं माप टिकेल, पण ती पायाची सूज वजनात कुठं मोजली गेलेली नाही. काट्यावर ते जड भरतील. दोन्ही आकडे शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवा, कोणता कशाला घ्यायचा ते ते सांगतील.